शिसवी पलंगामागची भिंत

घराला रंग काढायचं ठरलं की आधी शेडकार्ड घरात येतं आणि सगळे त्याच्याभोवती बसतात. ज्या खोलीत शिसवी पलंग आहे किंवा भिंतीत पक्कं बसवलेलं काळपट सागवानी कपाट आहे, तिथे मात्र सुरुवात शेडकार्डापासून करून भागत नाही. खोलीतला सर्वांत गडद आणि बहुतेक वेळा सर्वांत मोठा रंग तिथे आधीच ठरलेला असतो. कपाट काढायचं तर भिंत फुटणार, लॉफ्ट उतरवावं लागणार. पलंग तर दोन पिढ्यांचा, तो हलवायचं कोणाच्या मनातही येत नाही. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा लागतो की या लाकडाशेजारी कोणता रंग कसा दिसेल. आपल्याला कोणता रंग आवडतो, हे त्यानंतर.

या प्रश्नाचं तयार उत्तर आपल्याकडे एकच असतं. ठाण्यातल्या ज्या खोलीबद्दल मी लिहिणार आहे, तिथेही पेंटरने तेच दिलं होतं : “काकू, पांढराच मारू. लाकूड काळं आहे, पांढऱ्याने खोली मोठी दिसेल.” काकूंनी ऐकलं. चार भिंती स्वच्छ पांढऱ्या झाल्या आणि काका-काकू दोघांनाही खोली पूर्वीपेक्षा जड वाटू लागली. कपाट अंगावर येतं, असं काकूंचं म्हणणं. त्यांना ते नीट सांगता येत नव्हतं, पण दिसत होतं ते अगदी खरं होतं.

खोली १२ फूट बाय १० फूट, उंची साडेनऊ फूट. खिडकी उत्तरेच्या १० फुटी भिंतीत. पूर्वेच्या १२ फुटी भिंतीला ८ फूट रुंदीचं सागवानी कपाट, वरचं लॉफ्ट थेट छताला टेकलेलं. सुताराने त्या सागवानाला रंग चढवून वॉलनटसारखं गडद पॉलिश केलेलं. दक्षिणेच्या भिंतीला डोकं करून शिसवी पलंग, त्याची उशाकडची फळी चार फूट उंच. आता पूर्वेच्या भिंतीचा हिशेब करा. १२ गुणिले साडेनऊ म्हणजे ११४ चौरस फूट. त्यातले ७६ चौरस फूट कपाटाने घेतले. उरली फक्त ३८ चौरस फूट भिंत, म्हणजे एक तृतीयांश. नावाला ती भिंत पांढरी. प्रत्यक्षात ती गडद लाकडाची भिंत आहे आणि तिच्या कडेला पांढरा पट्टा आहे. त्या पांढऱ्या पट्ट्यामुळेच कपाट अंगावर येत होतं.

कारण डोळा कोणताच रंग एकटा पाहत नाही. या गोष्टीचा पद्धतशीर शोध लागला तो एका तक्रारीतून. मिशेल शेव्रुल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ साली पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख झाले. भिंतीवर लावायची चित्रमय विणकामं तिथे तयार होत. तक्रार अशी होती की निळ्या-जांभळ्या कापडाच्या सावल्यांसाठी वापरलेल्या काळ्या लोकरीत दम नाही, ती फिकी दिसते. शेव्रुल यांनी काळ्या लोकरीचे दुसरीकडचे नमुने आणून ताडून पाहिले. रंगाईत दोष नव्हता. शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे काळा फिका दिसत होता. त्यातून त्यांनी मांडलेला नियम १८३९ साली पुस्तकरूपाने आला : दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून पाहतो. उजळ रंग अधिक उजळ दिसतो, गडद अधिक गडद. आणि प्रत्येक रंग शेजाऱ्याला आपल्या विरुद्ध रंगाकडे ढकलतो.

काकूंच्या खोलीत नेमकं हेच झालं. फटफटीत पांढऱ्याला टेकलेलं तपकिरी लाकूड जवळजवळ काळं दिसू लागलं. लाकडाचे रेषे, त्यातली तांबूस चमक डोळ्याला टिपताच येईना, कारण शेजारच्या उजेडाला सरावलेला डोळा गडद भागातले बारकावे सोडून देतो. कपाटाची कड चाकूने कापल्यासारखी तीव्र झाली, आणि जिथे कड तीव्र तिथे नजर पुन्हा पुन्हा जाते. पांढरा रंग खोली मोठी दाखवतो हे रिकाम्या खोलीत खरं आहे. गडद लाकडाने निम्मी भरलेल्या खोलीत तो लाकूड मोठं दाखवतो.

इथे कोणी विचारेल की मग कोकणातल्या, गोव्यातल्या जुन्या घरांत चुन्याच्या पांढऱ्या भिंतींपुढे शिसवी पलंग इतके शोभून कसे दिसायचे? त्या खोल्या उंच आणि मोठ्या, सामान थोडं. पलंगाने भिंतीचा लहानसा तुकडा अडवलेला. चुना पूर्ण मॅट, जरासा ढगाळ; त्यात थोडी नीळ घातली तरी आजच्या पांढऱ्या इमल्शनइतका तो एकसारखा आणि झगझगीत होत नसे. शिवाय पडवीतून आणि खोल खिडक्यांतून येणारा उजेडच मवाळ. त्या घरांतला पांढरा उचलून दहा फुटी खोलीत आणला की त्याबरोबरचं बाकी काहीच येत नाही.

उजळपणा मोजायला रंगवाल्यांकडे एक आकडा असतो. त्याला एलआरव्ही म्हणतात : पडलेल्या उजेडापैकी शंभरातला किती भाग तो रंग परत टाकतो. शुद्ध काळ्याला शून्य, आदर्श पांढऱ्याला १००. बाजारातला चांगला पांढरा ८५च्या आसपास असतो. गडद पॉलिशचं लाकूड १०च्या आतबाहेर. काही कंपन्या शेडच्या माहितीत हा आकडा देतात. दुकानदाराला विचारला तर तो पाहून सांगू शकतो. दृष्टी अधू असलेल्यांना दार भिंतीपासून वेगळं दिसावं म्हणून इमारतींच्या ब्रिटिश मार्गदर्शनात दोन्हींत ३० अंकांचं अंतर सुचवलेलं आहे. काकूंच्या भिंतीत आणि कपाटात अंतर होतं ७५च्या घरात. म्हणजे वेगळं दिसायला जेवढं पुरे, त्याच्या अडीचपट.

मग अंतर कमी करायचं तर भिंत किती खाली आणायची? इथे लोक घाबरतात, कारण ४५ किंवा ५० हा आकडा ऐकूनच भिंत गडद होईल असं वाटतं. तसं होत नाही. डोळा उजेडाचा हिशेब सरळ रेषेत करत नाही. छायाचित्रकारांचं जे करडं कार्ड असतं ते जेमतेम १८ टक्के उजेड परत टाकतं, तरी आपल्याला ते काळ्या-पांढऱ्याच्या बरोबर मध्यावरचं वाटतं. त्यामुळे ४५ ते ५५ मधला रंग भिंतीवर मध्यम, किंबहुना उजळच वाटतो. लाकडाशेजारी मला हाच टप्पा सर्वांत भरवशाचा वाटतो. लाकूड वेगळं दिसतं, पण काळं पडत नाही. कडा उरते, पण कापत नाही. घरच्या घरी पडताळायचं असेल तर कपाट आणि नमुना एका चौकटीत घेऊन मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. रंगाची भुरळ बाजूला पडते आणि उजळपणातलं अंतर तेवढं उरतं.

अंतर ठरलं की दुसरा प्रश्न लाकडाच्या झाकेचा. “गडद तपकिरी” असं एकच लाकूड नसतं. दिवसाच्या उजेडात, दिवे बंद करून, पॉलिशवर कोरा पांढरा कागद ठेवा आणि कागदाच्या कडेला लाकूड पाहा. शिसव किंवा रोजवूडच्या पॉलिशचं सागवान तांबूस, कधी वांगी रंगाकडे झुकलेलं दिसेल. जुनं, रंग न चढवता नुसतं पॉलिश केलेलं सागवान मधासारखं पिवळट-नारिंगी. हल्लीच्या वेंगे किंवा गडद वॉलनट फिनिशमध्ये लाली जवळजवळ नसते, तो थंड काळपट तपकिरी असतो. कागद न ठेवता पाहिलं तर हा फरक बहुतेकांना कळत नाही, आणि निवड चुकते ती इथेच.

काकूंच्या खोलीत कागद ठेवल्यावर शिसव तांबूस निघालं हे अपेक्षितच होतं. वॉलनटचं म्हणून केलेलं कपाटही आतून तांबूसच होतं, कारण चढवलेल्या रंगाखालून सागवान डोकावत होतं. दोन्ही लाकडांची झाक एका बाजूची निघाली हे बरं झालं. त्या वेगळ्या असत्या तर पलंगाची भिंत आणि कपाटाची भिंत स्वतंत्रपणे ठरवावी लागली असती.

मग नमुने. शेडकार्डावरचा बोटभर चौकोन कपाटाशेजारी धरून काही ठरत नाही, कारण त्याच्याभोवती कार्डाचा पांढरा कागद असतो आणि तो आपलं काम करतच राहतो. भिंतीवर फुटभर पट्टा मारून पाहण्यातही तीच अडचण आहे : आजूबाजूची जुनी पांढरी भिंत त्या पट्ट्याला आहे त्यापेक्षा गडद दाखवते, आणि घरातले “नको, फार काळोख होईल” म्हणून मागे हटतात. म्हणून हार्डबोर्डचे दोन फूट बाय तीन फुटांचे तुकडे घ्यावेत, प्रायमर मारून रंगाचे दोन हात द्यावेत, काठाला पांढरी पट्टी अजिबात सोडू नये. पूर्ण वाळल्यावरच पाहायचं, कारण ओलं इमल्शन वाळताना रंग बदलतं. बोर्ड उभाच धरायचा आणि लाकडाला अगदी टेकवून. जमिनीवर आडवा ठेवलेला बोर्ड वरच्या उजेडाने उजळ दिसतो आणि फसवतो.

काकूंकडे असे चार बोर्ड केले. पहिला फिका क्रीम, त्यांच्या मनात असलेला. दिवसा तो बरा दिसला, पण त्याच्याशेजारी कपाट अधिकच लालसर, जवळजवळ मरून झालं. पिवळा शेजाऱ्याला जांभळ्याकडे ढकलतो. आधीच तांबूस असलेल्या लाकडावर त्याचा परिणाम लगेच दिसतो. दुसरा आकाशी. निळ्याच्या विरुद्ध नारिंगी, त्यामुळे लाकूड एकदम नारिंगी होऊन उठून दिसलं. कोणाला ते आवडेलही, पण कपाट डोळ्यांआड करायचं होतं, पुढे आणायचं नव्हतं. त्यात खोली उत्तरेच्या उजेडाची. तो उजेड मुळात निळसर, त्यामुळे आकाशी बोर्ड दुपारी अगदी गारठलेला दिसला.

तिसरा बोर्ड साध्या करड्याचा होता आणि तोच सर्वांत शिकवून गेला. दुकानात तो शुद्ध राखाडी, कोणतीच झाक नसलेला. कपाटाला टेकवल्याबरोबर तो निळसर-हिरवट झाला. काकूंना वाटलं दुकानदाराने भलताच डबा दिला. बोर्ड तसाच उचलून पॅसेजमध्ये नेला, तर पुन्हा राखाडी. लाकडातल्या तांबड्याने त्याला विरुद्ध बाजूला, म्हणजे हिरवट निळ्याकडे ढकललं होतं. तांबूस लाकडाशेजारी राखाडी राखाडी राहत नाही. त्याला राखाडीच दिसायचं असेल तर त्यात थोडा लालसर-बदामी रंग घालावा लागतो.

चौथा बोर्ड मळकट हिरव्याचा. पिस्त्याच्या रंगात भरपूर राखाडी आणि चिमूटभर पिवळा मिसळला तर होईल तसा, एलआरव्ही ४८. हिरवा आणि तांबडा एकमेकांच्या समोरचे, त्यामुळे या शेजारात लाकडाची लाली जिवंत राहिली. पण हिरवा इतका मवाळ होता की ती भडकली नाही. पांढऱ्याशेजारी जे कपाट काळी भिंत झालं होतं, त्यात आता रेषे दिसत होते. पिवळ्याच्या त्या चिमटीने उत्तरेच्या उजेडातला गारवाही मारला. हिरव्यात निळं अंग अधिक असतं, तर आकाशीसारखंच झालं असतं.

हे उत्तर तांबूस लाकडाचं आहे. मधाळ पिवळ्या जुन्या सागवानाशेजारी मी हिरव्यापेक्षा थोडा बदामी किंवा धुरकट निळा-राखाडी आधी पाहीन. पिवळट लाकडावर निळ्याची हलकी झाक पिवळेपणा उजळवते, पण ती राखाडीत मुरलेली हवी. थंड काळपट वेंगेला मात्र भिंतीकडून ऊब लागते : भाजलेल्या मातीचा फिका रंग, उबदार वाळूचा. तिथे राखाडी भिंत दिली की खोली निर्जीव दिसते.

आता कोणती भिंत कशी. चारही भिंती ४८च्या केल्या असत्या तर खोली खरंच मंदावली असती. म्हणून हिरवा दिला तो पलंगामागच्या दक्षिण भिंतीला आणि कपाटाशेजारच्या त्या ३८ चौरस फुटांना. दक्षिण भिंत खिडकीच्या समोर आहे, खोलीतला सर्वाधिक उजेड तिच्यावर पडतो, त्यामुळे मध्यम रंग तिला पेलतो. कपाटाच्या कडेचा पट्टा हिरवा झाल्यावर तो पांढरा झोत गेला आणि कपाट-पट्टा मिळून एकच शांत भिंत झाली. पश्चिम आणि उत्तर भिंतींना उबदार ऑफ-व्हाइट, एलआरव्ही ७२. खिडकीची भिंत स्वतः नेहमी अंधारी दिसते, कारण तिच्यातून येणारा उजेड डोळ्यावर येतो आणि तिच्यावर पडत नाही. तिला गडद करणं ही चूक होते. छतालाही तोच ऑफ-व्हाइट दिला. लॉफ्ट छताला टेकलेलं असल्याने तिथे झगझगीत पांढरा दिला असता, तर तीच तीव्र कड डोक्यावर राहिली असती.

संध्याकाळचा प्रश्न वेगळा आहे, आणि झोपायच्या खोलीत तोच अधिक महत्त्वाचा. आपल्याकडे बहुतेक घरांत ६५०० केल्विनचे पांढरे एलईडी लावलेले असतात. त्या निळसर उजेडात तांबड्याचा वाटा कमी, म्हणून शिसव आणि सागवान मरगळलेलं, राखाडी काळं दिसतं. ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्यात तेच लाकूड उघडतं. काकूंचा हिरवा बोर्ड पांढऱ्या ट्यूबखाली दवाखान्यासारखा दिसला होता, आणि तेवढ्यावर तो बाद होणार होता. बल्ब बदलून पुन्हा पाहिला तेव्हा निवड पक्की झाली. म्हणून दिवे आधी ठरवावेत, बोर्ड नंतर पाहावेत. पिवळ्या दिव्यात वाचायला त्रास होतो ही काकांची तक्रार रास्त होती. त्यांच्या उशाशी ४००० केल्विनचा वेगळा दिवा दिला. भिंतींनी आता कमी उजेड परत टाकायचा असल्याने एक दिवा वाढवावाही लागतो, आणि तो कपाटाच्या दारांवर पडेल असा लावला तर अधिक उपयोगी.

हिरव्याचा प्रकार मॅट घेतला. पॉलिश चमकतं, भिंतही चमकली तर दोन्हींत दिव्याचे डाग दिसतात आणि रंग जागोजागी तुटतो. मॅटची अडचण पलंगामागे येते, कारण टेकून बसल्याने भिंतीला डोक्याच्या तेलाचे डाग पडतात. काकूंच्या पलंगाची फळी चार फूट उंच असल्याने तो प्रश्न आला नाही. फळी बुटकी असेल तर त्या एका भिंतीला धुता येणारं, अगदी हलकी चमक असलेलं इमल्शन घ्यावं.

राहिली कड सांभाळण्याची गोष्ट. पक्कं कपाट हलवता येत नाही, त्यामुळे रंगकाम त्याला लागूनच होणार. पुट्टी घासण्याआधी कपाट प्लास्टिकने पूर्ण झाकून घ्या. पुट्टीची पांढरी धूळ लाकडाच्या रेषांत आणि कोरीव कामात बसली तर गडद लाकडावर ती महिनोन्‌महिने दिसत राहते. पॉलिशवर साधी चिकटपट्टी लावू देऊ नका. जुन्या फ्रेंच पॉलिशचा थर तिच्याबरोबर निघून येतो. कमी चिकटणारी मास्किंग टेप वापरावी, ती रात्रभर ठेवू नये, आणि शेवटचा हात पुरता कडक होण्याआधी तिरकी ओढून काढावी. रंगाचा थेंब लाकडावर पडलाच तर ओला असतानाच ओल्या फडक्याने पुसायचा. वाळलेला डाग काढायला पेंटर सवयीने थिनर किंवा स्पिरिट पुढे करतो, तेव्हा त्याचा हात धरा : फ्रेंच पॉलिश लाखेचं असतं आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. डाग जाईल, पण त्याच्या जागी निस्तेज चट्टा राहील, आणि तो घालवायला ते अख्खं दार पुन्हा पॉलिश करावं लागेल.